आजीच्या ओव्या, चौदा जीबी वेव्ह आणि "एमपी-थ्री करून टाक ना"

मामेभावाचा फोन आला. "तुझ्याकडे आजीच्या कॅसेटच्या फायली आहेत ना, त्या एमपी-थ्री करून सगळ्यांना पाठव आणि मूळच्या उडव. वेव्ह कोण ठेवतं आता? चौदा जीबी नुसती अडकून पडलीये." मी हो म्हणून फोन ठेवला आणि कन्व्हर्टर उघडलासुद्धा. मग थांबलो. का थांबलो आणि शेवटी काय केलं, ते इथे सविस्तर लिहितो. तुमच्यातले बरेच जण पुढे मुलाखती, बोलीभाषा, लोकगीतं असं काहीतरी रेकॉर्ड करणार आहात, आणि हाच प्रश्न तुमच्या डेटाबद्दल तुम्हालाही कधीतरी पडणार आहे.

आधी हातात काय आहे ते बघू. एकूण ४२ वेव्ह फायली, प्रत्येक म्हणजे कॅसेटची एक बाजू, सरासरी ३१ मिनिटांची. मामाने साध्या टेपरेकॉर्डरवर केलेलं हे रेकॉर्डिंग. जात्यावर दळताना आजी ओव्या म्हणतेय, मागे जात्याची घरघर, मध्येच कोंबडा, मध्येच कुणीतरी दारातून हाक मारतंय. काही वर्षांपूर्वी या कॅसेट कॉम्प्युटरला जोडून वेव्हमध्ये घेतल्या. त्यानंतर एका पावसाळ्यात माळ्यावरच्या मूळ कॅसेटना बुरशी लागली आणि घर आवरताना त्या फेकल्या गेल्या. म्हणजे आता या वेव्ह फायली हीच 'मूळ प्रत' आहे. यातून जे गेलं ते परत मागायला कुठे जाता येणार नाही.

आता हिशोब. आमच्या फायली सीडीच्या दर्जाच्या आहेत: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा म्हणजे २ बाइटचा, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला १,७६,४०० बाइट होतात. मिनिटाला साधारण साडेदहा एमबी, ३१ मिनिटांच्या एका बाजूला ३२८ एमबी, आणि सगळ्या मिळून १३.८ जीबी. याच फायली १२८ केबीपीएसच्या एमपी-थ्री केल्या तर सगळ्या मिळून सव्वा जीबी. फ्लॅक या लॉसलेस फॉरमॅटमध्ये केल्या तर आमच्या बाबतीत साडेसात जीबीच्या आसपास. फरक मोठा दिसतो, पण साडेसात जीबी काय आणि सव्वा जीबी काय, दोन्ही एका साध्या पेनड्राइव्हवर मावतात. भाऊ ज्या जागेबद्दल बोलत होता तो प्रश्न वीस वर्षांपूर्वीचा आहे. आज निर्णय जागेवरून करायचा नाहीये.

मग कशावरून करायचा? त्यासाठी हे दोन प्रकार फाइल लहान करताना नेमकं काय करतात ते कळायला हवं.

लॉसलेसचं काम अंदाज बांधण्याचं आहे. ध्वनीची लहर एकदम उड्या मारत नाही, त्यामुळे आधीच्या काही नमुन्यांवरून पुढचा ओळखता येतो. समजा नमुने १००, १०४, १०८ असे आले, तर पुढचा ११२ असेल असा अंदाज. प्रत्यक्षात ११३ निघाला, तर ११३ लिहून ठेवण्याऐवजी फक्त 'चूक १' एवढंच लिहायचं. लहान आकडा लिहायला कमी बिट लागतात. उघडताना तोच अंदाज, त्यात तीच चूक मिळवली की अगदी तोच ११३ परत. काही टाकलेलं नाही, नुसतं आटोपशीर लिहिलंय. यावरून हेही कळतं की कॅसेटचं रेकॉर्डिंग फार लहान का होत नाही: टेपची सूंऽऽ अशी खरखर म्हणजे निव्वळ यदृच्छा, तिचा अंदाज बांधताच येत नाही. आमच्या फायली निम्म्याच्या थोड्या वरच अडकल्या त्या यामुळेच.

लॉसी फॉरमॅट वेगळा प्रश्न विचारतो: माणसाच्या कानाला यातलं काय ऐकू येणार नाही? मोठ्या आवाजाच्या जवळच्या कंपनसंख्येचा हळू आवाज त्याच्याखाली झाकला जातो. गिरणीशेजारी उभं राहून कुजबुज ऐकू येत नाही, तसंच. एमपी-थ्री हे झाकलेलं शोधते आणि तिथे फार ओबडधोबड आकडे लिहिते, किंवा काहीच लिहीत नाही. वाचलेले बिट जे ऐकू येतं त्यावर खर्च करते. कल्पना हुशार आहे, आणि बऱ्यापैकी बिटरेट दिला तर नुसतं ऐकताना बहुतेकांना फरक कळत नाही. मला आंधळ्या चाचणीत १९२ केबीपीएसला कळला नाही, हे मान्य करतो.

पण या हुशारीत एक गृहीतक दडलेलं आहे, आणि माझा सगळा मुद्दा त्याच्यावर उभा आहे. 'हे ऐकू येणार नाही' हा निर्णय रेकॉर्डिंग आज जसं आहे तसंच ऐकलं जाईल असं धरून घेतलेला असतो. संग्रहातलं रेकॉर्डिंग तसं ऐकलं जात नाही. उद्या कुणीतरी त्यातली खरखर काढेल, घरघर दाबेल, शब्द कळावा म्हणून वेग कमी करेल, एखादा पट्टा वर उचलेल. यातली प्रत्येक कृती झाकण हलवते. झाकण हललं की त्याखाली काय होतं ते उघडं पडतं, आणि एमपी-थ्रीमध्ये तिथे काही नसतं किंवा नुसता चोथा असतो.

आमच्याकडे हे प्रत्यक्षात झालं. सातव्या कॅसेटच्या अ बाजूवर आजीच्या मागून आणखी एक बाईचा आवाज आहे, ओवीची शेवटची ओळ उचलून धरणारा. जात्याची घरघर आणि आजीचा आवाज यांच्याखाली तो जवळजवळ बुडालेला आहे. मावशीचं म्हणणं, ती आमची पणजी. पणजीचा आवाज दुसऱ्या कुठल्याही कॅसेटवर नाही. मी दोन प्रती घेतल्या, एक मूळ वेव्ह आणि एक त्याच फाइलची १२८ केबीपीएस एमपी-थ्री. दोन्हींवर अगदी सारखी प्रक्रिया केली: ऑडॅसिटीत १५० हर्ट्झच्या खालचं कापून घरघर कमी केली, खरखरीचा नमुना देऊन ती दाबली, आणि अडीच ते पाच किलोहर्ट्झचा पट्टा बराच वर उचलला, कारण व्यंजनांची ओळख बरीचशी तिथे असते. वेव्हमधून मागच्या बाईचे शब्द बऱ्यापैकी सुटे झाले. स आणि च वेगळे कळले, एका ओवीतलं भावाचं नाव कळलं. एमपी-थ्रीमधून आवाज आला, पण पाण्याखालून आल्यासारखा, बुडबुडे फुटल्यासारखा, आणि नाव नीट लागेना. प्रक्रिया करण्याआधी याच दोन फायली मला सारख्याच वाटल्या होत्या.

तुम्हाला स्वतः करून बघायचं असेल तर आणखी एक सोपा प्रयोग आहे. ऑडॅसिटीत वेव्ह आणि तिचीच एमपी-थ्री असे दोन ट्रॅक घ्या, एक उलटा करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं आणि उरतो तो फक्त फरक. त्याआधी लहरी मोठ्या करून दोन्ही ट्रॅक तंतोतंत जुळलेत का ते बघा. एमपी-थ्री करताना आणि उलगडताना सुरुवातीला थोडी शांतता भरली जाते. लेम हा एन्कोडर वापरला असेल आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ती कापली नसेल, तर ती सहसा ११०५ नमुन्यांची, म्हणजे २५ मिलिसेकंदांची असते. एवढंसं सरकलेलं असलं तरी फरकाऐवजी सगळंच ऐकू येतं आणि आपण उगाच घाबरतो. नीट जुळवल्यावर आमच्या फाइलमध्ये उरली ती खरखर, आणि तिच्या आत आजीच्या शब्दांची भुतं. मात्र या प्रयोगावरून 'बघा, एमपी-थ्रीने एवढं खाल्लं, म्हणजे ती वाईट ऐकू येते' असा निष्कर्ष काढू नका. उरलेला आवाज एकटा ऐकू येतो याचा अर्थ तो मूळ आवाजाबरोबरही ऐकू आला असता असा होत नाही. प्रयोग फक्त एवढंच सांगतो की ही माहिती नव्या फाइलमध्ये नाही.

म्हणून आमचा निर्णय: जपून ठेवायची प्रत लॉसलेस. वेव्ह आहे तशीच का नाही ठेवली? ठेवली असती तरी चूक नव्हतं. फ्लॅककडे वळायचं माझं कारण जागा हे नाही, तपासणी हे आहे. वेव्हला स्वतःबद्दल काहीच माहीत नसतं. डिस्क जुनी होऊन एखादा बिट पलटला, तर कुठेतरी टक् असा आवाज येईल, किंवा तोही येणार नाही, आणि कुणाला कळणारही नाही. फ्लॅकच्या फाइलमध्ये सगळ्या मूळ नमुन्यांचा एमडी५ ठसा लिहिलेला असतो आणि प्रत्येक छोट्या तुकड्याची वेगळी बेरीज-तपासणी असते. `flac -t` म्हटलं की पूर्ण फाइल उलगडून ती स्वतःच सांगते, मी धड आहे की नाही. याची किंमतही आहे: एक बिट बिघडला तर तेवढा पूर्ण तुकडा जातो, नेहमीच्या मांडणीत ४०९६ नमुने, म्हणजे सेकंदाचा अकरावा हिस्सा. बाकीची फाइल वाजते. न कळणाऱ्या छोट्या बिघाडापेक्षा कळणारा थोडा मोठा बिघाड मला चालतो, कारण कळला तर दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करता येतो. शिवाय फ्लॅक खुला आहे, २००१ पासून वापरात आहे आणि २०२४ मध्ये त्याची रचना आरएफसी ९६३९ म्हणून प्रसिद्ध झाली. मूळ प्रोग्रॅम उद्या नाहीसा झाला, तरी त्या कागदावरून कुणीही नवा लिहू शकेल.

इथे एक अडथळा आला, ज्याची मला कल्पना नव्हती. रूपांतराआधी मी प्रत्येक फाइलचा स्पेक्ट्रोग्राम काढला, म्हणजे आडवा वेळ, उभी कंपनसंख्या आणि रंगावरून तीव्रता असं चित्र. ३९ फायलींमध्ये अपेक्षित दिसलं: बोलणं वर जाता जाता विरळ होतं, पण टेपची खरखर फिकट धुक्यासारखी अगदी वरपर्यंत, २० किलोहर्ट्झच्या पुढेही पसरलेली. तीन फायलींमध्ये मात्र १६ किलोहर्ट्झवर पट्टी ठेवून कापल्यासारखी रेघ आणि तिच्यावर काळाकुट्ट अंधार. शिवाय रेघेच्या जवळ छोटे चौकोनी खड्डे, क्षणात उघडणारे, क्षणात बंद होणारे. कॅसेट असं करत नाही. ही लॉसी एन्कोडरची खूण आहे. चौकशी केल्यावर कळलं की या तीन कॅसेट घरी वाजत नव्हत्या म्हणून गावातल्या एका दुकानात दिल्या होत्या. तिथे त्या आधी एमपी-थ्री झाल्या असणार, आणि मग ऑडिओ सीडीवर लिहून आमच्या हातात आल्या. सीडीवरून उतरवल्यावर त्या वेव्ह झाल्या. आकार ३२८ एमबी, आत माल तीस एमबीचा.

पण नुसत्या रेघेवरून फाशी देऊ नका. ३२ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केलेल्या कुठल्याही फाइलमध्ये १६ किलोहर्ट्झच्या वर काही असूच शकत नाही, आणि कुणी मुद्दाम फिल्टर लावला असेल तरी अशीच कड दिसते. रेघ आणि ते चौकोनी खड्डे, दोन्ही एकत्र दिसले तर मात्र संशयाला फार जागा उरत नाही.

अशा फाइलचं काय करायचं? मूळची एमपी-थ्री सापडली तर तीच जपायची. तिच्यापासून बनलेली वेव्ह किंवा फ्लॅक त्यापेक्षा चांगली असू शकत नाही. आमच्याकडे ती सापडली नाही. मग त्या तीन वेव्हच आमच्यासाठी सगळ्यात जुनी पिढी, म्हणून त्याही फ्लॅकच केल्या. 'आधीच लॉसी आहे, आणखी एकदा एमपी-थ्री केली तर काय बिघडतं' हा युक्तिवाद उलटा आहे: दुसरा एन्कोडर पहिल्याच्या चुकांनाही आवाज समजून त्यांच्यावर बिट खर्च करतो आणि नव्या चुका घालतो. फ्लॅक गेलेलं परत आणत नाही, आहे तिथे थांबवतं. त्या तिन्ही फायलींच्या टिपणात तसं लिहून ठेवलंय, नाहीतर वीस वर्षांनी कुणी विद्यार्थी त्यातल्या 'स'चं मोजमाप करून पणजीच्या बोलीबद्दल प्रबंधात भलतंच लिहील.

आता प्रत्यक्ष रूपांतर. एका फाइलसाठी मी दिलेल्या आज्ञा एवढ्याच:

```
flac -8 -V --keep-foreign-metadata aaji_07a.wav
flac -d --keep-foreign-metadata -o parat.wav aaji_07a.flac
cmp aaji_07a.wav parat.wav
```

पहिली ओळ फ्लॅक बनवते. `-8` म्हणजे दर्जा नव्हे, ती मेहनतीची पातळी आहे. ० पासून ८ पर्यंत सगळ्या तितक्याच लॉसलेस, फक्त ८ ला वेळ थोडा जास्त आणि फाइल किंचित लहान. `-V` बनवता बनवता लगेच उलगडून ताडून बघतं. दुसरी ओळ फ्लॅकवरून पुन्हा वेव्ह तयार करते आणि तिसरी दोन्ही वेव्ह बाइटला बाइट लावून बघते. `cmp` काहीच बोललं नाही तर सगळं ठीक. ३२,८१,०४,०४४ बाइटांपैकी एकही वेगळा नाही हे बघताना काय वाटतं ते करून बघाल तेव्हा कळेल. लॉसीच्या बाबतीत अशी तपासणी करताच येत नाही, कारण परत आलेली फाइल वेगळी असणारच. वेगळेपण 'ठरवलेलं' की बिघाडामुळे आलेलं, हे सांगायला कुठला पुरावा नाही.

तो लांबलचक पर्याय गाळला तर काय होतं? वेव्हच्या डोक्यात आणि शेपटीत आवाजाव्यतिरिक्त काही मजकूर असू शकतो: रेकॉर्डिंगची तारीख, वापरलेला प्रोग्रॅम, वगैरे. पर्याय न देता केलं तर तो गळतो. आवाज जसाच्या तसा राहतो, पण `cmp` फरक दाखवतं. माझ्या पहिल्याच फाइलवर हे झालं आणि अर्धा तास मी फ्लॅकलाच दोष देत बसलो होतो.

दुसरी अडचण ३२ बिट फ्लोट वेव्हची. ऑडॅसिटी आतमध्ये ३२ बिट फ्लोटमध्ये काम करते, त्यामुळे निर्यात करताना लक्ष दिलं नाही तर तशी फाइल तयार होऊ शकते. `flac` ती घेत नाही, सरळ नकार देतं, आणि हे चांगलंच आहे. काही कन्व्हर्टर मात्र न विचारता ती पूर्णांकात बदलून फ्लॅक करतात. मग तुम्हाला वाटतं लॉसलेस झालं, पण रूपांतर झालं त्याच्या आधीच काहीतरी बदललंय. अशी फाइल असेल तर एकतर वेव्हपॅकमध्ये करा, तो फ्लोटही जसाच्या तसा ठेवतो. नाहीतर सर्वोच्च पातळी शून्य डेसिबलच्या वर गेलेली नाही हे बघून स्वतः २४ बिट करा आणि तसं लिहून ठेवा.

विभागातल्या एका सीनियरने विचारलं, "४८ किलोहर्ट्झ, २४ बिट का नाही केलंस? मानक तेच आहे." बरोबर आहे, ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे आयएएसएची, टीसी-०४ ही मार्गदर्शिका किमान तेवढं सांगते. पण ते कॅसेटसारख्या अॅनालॉग मूळ प्रतीवरून नव्याने घेताना. आमच्याकडे मूळ प्रत उरलेलीच नाही. ४४.१ ची १६ बिट फाइल ४८ ची २४ बिट केल्याने माहिती वाढत नाही, उलट पुन्हा एकदा गणित होऊन सगळे नमुने बदलतात आणि `cmp` चा पुरावाही जातो. तुमच्याकडे कॅसेट अजून शाबूत असतील तर मात्र फॉरमॅटवर वाद घालण्याआधी त्या चांगल्या डेकवर पुन्हा घ्या. त्याने जेवढा फरक पडेल तेवढा कुठल्याच फॉरमॅटने पडणार नाही.

भावाला एमपी-थ्री मिळाल्याच. फ्लॅकवरून १९२ केबीपीएसच्या केल्या, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आणि नावापुढे `_aikayla` लावलं, म्हणजे कुणी चुकून त्यांनाच मूळ समजणार नाही. त्यांच्यावर कुठलंही संपादन करायचं नाही एवढाच नियम. काही कापायचं, जोडायचं असेल तर फ्लॅकवर करायचं आणि ऐकायची प्रत पुन्हा काढायची. मावशीचा फोन आयफोन आहे, तिला `.m4a` हवी होती. तिथे एक सावधगिरी: `.m4a` हे नाव लॉसी एएसीलाही असतं आणि लॉसलेस अॅलॅकलाही, नावावरून कळत नाही. `ffprobe` ने फाइल उघडून आत `aac` लिहिलंय की `alac` ते बघावं लागतं.

वेव्ह अजून उडवलेल्या नाहीत. फ्लॅकची एक प्रत माझ्याकडच्या डिस्कवर आहे, दुसरी मामाकडे गावी जायची आहे. तिथे पोचून तिच्यावर सगळ्या ४२ फायलींचं `flac -t` झालं की मग चौदा जीबी मोकळी करीन. तोवर भावाचा दर रविवारी मेसेज येतोय.